फिरत्या रिंगचा हूप स्ट्रेस: जाडी वाढवून तो कमी का होत नाही, आणि हिशोब कसा मांडायचा

पहिल्यांदा फिरणारी रिंग डिझाइन करायला बसलो तेव्हा आकडा मनासारखा येईना. सेफ्टी फॅक्टर जरा वाढवावा म्हणून रिंगची जाडी बाहेरच्या बाजूने १० मिमी वाढवली आणि हिशोब पुन्हा केला, तर हूप स्ट्रेस, म्हणजे रिंगला परिघाच्या दिशेने ताणणारा स्ट्रेस, कमी व्हायच्या ऐवजी वाढला. वाटलं, सूत्र भरताना कुठेतरी चूक झाली. अख्खी दुपार ती चूक शोधण्यात गेली, पण हिशोब बरोबरच होता. रिंग जाड केली की ती मजबूत होते, ही माझी समजूतच चुकीची होती.

ही गोष्ट सुरुवातीलाच कळली तर पुढचा बराच गोंधळ टळतो, म्हणून पायऱ्या लावून लिहितो आहे. उदाहरण एकच आहे आणि शेवटपर्यंत तेच वापरलं आहे: साध्या माइल्ड स्टीलची रिंग, बाहेरचा व्यास ५०० मिमी, जाडी २० मिमी, रुंदी ६० मिमी, वेग ३००० आरपीएम.

आधी हाताशी काय हवं

- मटेरियलची घनता, किलो प्रति घनमीटरमध्ये. स्टील ७८५०, अ‍ॅल्युमिनियम २७००, ओतीव लोखंड ७२०० च्या आसपास.
- मटेरियलची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या स्ट्रेसच्या वर ते कायमचं ताणलं जातं तो आकडा. आपल्या स्टीलसाठी २५० मेगापास्कल धरू.
- रिंगचा बाहेरचा आणि आतला व्यास.
- मशीन जास्तीत जास्त किती आरपीएमला जाऊ शकतं तो आकडा. नेमप्लेटवरचा नव्हे, लोड अचानक सुटला किंवा कंट्रोल चुकला तर जिथवर जाईल तो.
- रिंगवर आणखी काही बसवायचं असेल (मॅग्नेट, वजनाचे तुकडे, बोल्ट), तर त्याचं एकूण वजन.

यंग्ज मॉड्युलस या यादीत नाही. स्ट्रेससाठी तो लागतच नाही. रिंग फुगते किती हे काढताना मात्र लागेल, ते पायरी ६ मध्ये.

१. काठाचा वेग काढा

v = πDN/६०

D मीटरमध्ये, N आरपीएममध्ये, उत्तर मीटर प्रति सेकंदात. आपल्या रिंगचा बाहेरचा व्यास ०.५ मीटर आणि फेरे ३०००, म्हणून v = ७८.५ मीटर प्रति सेकंद.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कोणी D च्या जागी त्रिज्या घालतं. मग वेग निम्मा येतो आणि स्ट्रेस चौथा हिस्सा, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला होते आणि आकडा मात्र छान दिसतो. कोणी मिलिमीटर तसेच ठेवतं. ते निदान लगेच कळतं, कारण उत्तर हजारपट येतं. आणि कोणी ω च्या, म्हणजे रेडियन प्रति सेकंदातल्या कोनीय वेगाच्या, जागी सरळ आरपीएम घालतं. म्हणून मी ω च्या भानगडीत न पडता आधी v काढतो. ७८.५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या जरा वर. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की आकडा पटण्यासारखा आहे की नाही ते समजतं. ω च्या ३१४ वरून असं काही समजत नाही.

२. सूत्र पाठ करण्याआधी रिंग अर्धी कापून बघा

सूत्र असं आहे:

σ = ρv²

घनता गुणिले काठाच्या वेगाचा वर्ग, बस. यात जाडी नाही, रुंदी नाही, त्रिज्याही स्वतंत्रपणे नाही. ते का, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे हे सूत्र कुठे लागू होत नाही तेही आपोआप कळेल.

रिंग व्यासावर कापली आहे अशी कल्पना करा आणि फक्त वरचा अर्धा भाग बघा. छेदाचं क्षेत्रफळ A, त्रिज्या r. या अर्ध्या भागाचं वस्तुमान ρAπr. तो गोल फिरतोय, म्हणजे कोणीतरी त्याला सतत केंद्राकडे ओढतंय. ओढणार कोण? खालचा अर्धा भाग, आणि तोही फक्त दोन कापलेल्या टोकांमधून. प्रत्येक टोकाला σA, एकूण २σA.

आता किती जोराने ओढावं लागेल? अर्ध्या रिंगचा गुरुत्वमध्य केंद्रापासून २r/π अंतरावर असतो. म्हणून लागणारं बल = ρAπr × ω² × २r/π = २ρAr²ω². दोन्ही बाजू समान ठेवल्या की A निघून जातो आणि उरतं σ = ρr²ω², म्हणजेच ρv².

A का गेला ते बघा. रिंग जाड केली तर ओढ सोसायला जास्त मटेरियल मिळतं हे खरं. पण ज्या वस्तुमानाला ओढून ठेवायचं तेही तेवढ्याच पटीने वाढतं. रिंगवरचा भार ही रिंग स्वतःच आहे. दोरीला टांगलेलं वजन असतं तर दोरी जाड करून फायदा झाला असता. इथे दोरी आणि वजन एकच.

त्रिज्येचंही तसंच. काठाचा वेग तोच ठेवून रिंग मोठी केली तर वळण सौम्य होतं, प्रत्येक किलोला कमी ओढ लागते. पण अर्ध्या रिंगमधले किलो तेवढेच वाढतात. दोन्हींचा मेळ बसून त्रिज्या उडते.

नवख्यांची एक ठरलेली चूक: अर्ध्या रिंगचं वस्तुमान घ्यायचं, त्याला v²/r ने गुणायचं आणि २A ने भागायचं. उत्तर ρv² च्या १.५७ पट येतं. कारण रिंगच्या प्रत्येक तुकड्याला लागणारी ओढ वेगवेगळ्या दिशेला असते. टोकांजवळच्या तुकड्यांची ओढ जवळजवळ आडवी असते, ती एकमेकांना काटते आणि वर-खालीच्या हिशोबात येत नाही. गुरुत्वमध्य २r/π वर घेतला की हे सगळं आपोआप जमतं. तुमचं उत्तर π/२ पट किंवा π पट चुकत असेल तर कारण बहुधा हेच.

३. आकडे घाला

σ = ७८५० × ७८.५² ≈ ४.८४ कोटी पास्कल, म्हणजे ४८.४ मेगापास्कल.

यील्ड २५०, म्हणून सेफ्टी फॅक्टर ५.२ च्या आसपास. पण हा स्ट्रेसवरचा फॅक्टर आहे, वेगावरचा नव्हे. स्ट्रेस वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेगावरचा फॅक्टर ५.२ चं वर्गमूळ, सुमारे २.३. म्हणजे याच रिंगचा काठ १७८ मीटर प्रति सेकंदाला पोचला की ती यील्ड होईल. कोणी नुसतं ‘फॅक्टर पाच आहे’ म्हटलं की मी आधी विचारतो, कशावर? वेग १० टक्के वाढला तर स्ट्रेस २१ टक्के वाढतो, आपला ४८.४ चा आकडा ५८.६ होतो.

आता सुरुवातीच्या माझ्या फजितीकडे. जाडी बाहेरून १० मिमी वाढवली, म्हणजे बाहेरचा व्यास ५२० मिमी झाला. आरपीएम तेच. काठाचा वेग ८१.७ झाला आणि स्ट्रेस ५२.४. दहा मिलिमीटर स्टील जास्त घालून रिंग आणखी कमजोर केली होती.

म्हणून ‘फक्त घनता आणि काठाचा वेग’ या वाक्याचा अर्थ जपून लावा. ‘व्यासाशी संबंध नाही’ असा तो अर्थ नाही. आरपीएम कायम असेल तर व्यास वाढला की काठाचा वेग वाढतो आणि स्ट्रेस व्यासाच्या वर्गाने चढतो. वेगवेगळ्या आकाराच्या रिंगांची तुलना काठाच्या वेगावर करा, आरपीएमवर नको.

४. कोणता व्यास घ्यायचा: बाहेरचा, आतला की मधला?

सूत्र पातळ रिंगसाठी आहे, पण खऱ्या रिंगला जाडी असतेच. मधला व्यास (४८० मिमी) घेतला तर ४४.६ मेगापास्कल येतात. हा छेदावरचा जवळजवळ सरासरी स्ट्रेस. पण हूप स्ट्रेस छेदावर सगळीकडे सारखा नसतो. सगळ्यात जास्त आतल्या पृष्ठभागावर असतो. जाड रिंगचं पूर्ण सूत्र वापरलं तर आपल्या रिंगमध्ये तिथे ४७.१ येतात.

म्हणजे मधल्या व्यासाने आपण थोडं कमी धरतो आणि बाहेरच्या व्यासाने थोडं जास्त. मी नेहमी बाहेरचा घेतो. त्याला एक पक्का आधार आहे: एकसारख्या मटेरियलची, एकसारख्या रुंदीची, मोकळी फिरणारी रिंग कितीही जाड असो, तिच्यातला सगळ्यात मोठा हूप स्ट्रेस बाहेरच्या काठाच्या वेगाने काढलेल्या ρv² पेक्षा जास्त होत नाही. अगदी बारीक भोक असलेली चकती घेतली तरी स्टीलसाठी तो त्याच्या सुमारे ०.८३ पट असतो. त्यामुळे पहिल्या अंदाजाला बाहेरचा व्यास सुरक्षित. चकती मात्र ‘रिंग’ म्हणून डिझाइन करू नका. हिशोब सुरक्षित निघेल, पण गरजेपेक्षा फार जपून वागाल.

५. रिंगवर काही बसवलं असेल तर हिशोब बदलतो

वर म्हटलं की रिंगचा भार रिंग स्वतःच. ज्या दिवशी तिच्यावर परकं वजन येतं त्या दिवशी हे मोडतं. आतल्या बाजूने चिकटवलेले मॅग्नेट घ्या. प्रत्येक मॅग्नेट सुटा आहे, तो शेजारच्याला धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे परिघाच्या दिशेने एक न्यूटनसुद्धा ओढ सोसत नाही. पण त्याला गोल फिरवायला लागणारी सगळी ओढ रिंगकडूनच वसूल होते. वजन साधारण रिंगच्याच त्रिज्येवर आणि सगळीकडे सारखं वाटलेलं असेल तर:

σ = ρv² × (१ + परकं वजन / रिंगचं वजन)

आपली रिंग १४.२ किलोची आहे. मॅग्नेट ३.५ किलोचे असतील तर स्ट्रेस सुमारे २५ टक्क्यांनी वाढून ६० मेगापास्कलपर्यंत जातो. इथे जाडीचा उपयोग होतो. रिंगचं वजन दुप्पट केलं की हीच वाढ २५ वरून १२ टक्क्यांवर येते. पण कितीही जाड करा, ρv² च्या खाली काही जाता येत नाही. ती तळाची मर्यादा आहे.

मॅग्नेट बोल्टने बसवायचे ठरवलं तर भोकं पडणार. ओढीच्या क्षेत्रात छोट्या गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस सुमारे तिप्पट होतो. ४८ चे १४५ होतील. एकदाच चालवायचं असतं तर हरकत नव्हती, पण मशीन दर वेळी सुरू आणि बंद होताना स्ट्रेस शून्यापासून वरपर्यंत जाऊन परत येतो. क्रॅक सुरू होतो तो भोकाच्या आडव्या बाजूच्या कडेला, रिंगच्या रुंदीच्या दिशेने. तपासणीला भिंग घेऊन बसाल तेव्हा तिथेच बघा.

जुन्या ओतीव लोखंडी फ्लायव्हीलना काठाच्या वेगाची मर्यादा साधारण ३० मीटर प्रति सेकंद धरत. त्या वेगाला ρv² जेमतेम ६.५ मेगापास्कल भरतो. मर्यादा एवढी कमी का? कारण आरे काठाला जागोजागी धरून ठेवतात, मधला भाग बाहेर वाकतो आणि वाकण्याचा स्ट्रेस वर चढतो. शिवाय जोड आणि ओतकामातले पोकळ दोष. सूत्र मोकळ्या, सलग, निर्दोष रिंगचं आहे. तुमच्या रिंगला आरे असतील तर या लेखातला आकडा म्हणजे हिशोबाची सुरुवात.

६. रिंग किती फुगते ते काढा. श्रिंक फिट असेल तर हे टाळू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. स्ट्रेस मर्यादेत आहे म्हणून सगळे निश्चिंत असतात आणि श्रिंक फिटने, म्हणजे गरम करून आवळून, बसवलेली रिंग मधल्या हबवर सैल होते.

आतल्या पृष्ठभागावर ४७.१ मेगापास्कल, स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २ लाख मेगापास्कल. भागाकार केला की विकृती येते ०.०००२३६. आतला व्यास ४६० मिमी, म्हणून तो ०.१०८ मिमी वाढतो. भरीव स्टीलच्या हबवर बसवली असेल तर त्याच वेगाला हबही फुगतो, पण फक्त ०.०१७ मिमी. हबचा व्यास रिंगच्या आतल्या व्यासापेक्षा जेवढा मोठा ठेवतात ते इंटरफेरन्स; ३००० आरपीएमला त्यातलं ०.०९ मिमी खलास. तुम्ही व्यासावर ०.०८ मिमी दिलं असेल तर थांबलेल्या मशीनवर रिंग घट्ट बसलेली दिसेल आणि पूर्ण वेगाला ती मोकळी असेल. मग ती किंचित एका बाजूला सरकते, बॅलन्स बिघडतो. ओळखायची खूण अशी: व्हायब्रेशन एका ठरावीक वेगाच्या वर अचानक सुरू होतं आणि वेग उतरल्यावर जातं. खोलून पाहिलं तर बसण्याच्या जागी तपकिरी-तांबूस भुकटी सापडते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर बारीक घासल्याची ती निशाणी.

म्हणून समजा ०.१५ मिमी इंटरफेरन्स दिलं. आता स्ट्रेस किती? नवखा माणूस बेरीज करतो: बसवल्याचा साठेक, अधिक फिरण्याचा ४८, एकूण ११० च्या घरात. पण असं होत नाही. थांबलेली असतानाच हबने रिंगला ताणून धरलंय. फिरायला लागली की रिंगला आणखी ताणायची गरज नसते, कारण ती आधीच त्या मापाला ताणलेली आहे; आत फक्त हबवरचा दाब कमी होत जातो. हब पूर्णपणे कडक असता तर दाब शून्य होईपर्यंत रिंगचा हूप स्ट्रेस बदललाच नसता. खरा हब थोडा फुगतो, म्हणून आपल्या रिंगमध्ये साठेकवरून ७० च्या आसपास जातो, इतकंच. आधीच ताणून बसवलेल्या बोल्टसारखं हे आहे. दाबाचा मात्र जवळजवळ साठ टक्के भाग गेलेला असतो, आणि टॉर्क त्या दाबावरच वाहून नेला जातो. तो उरलेल्या दाबावर तपासा, बसवल्या वेळच्या नव्हे.

७. मटेरियल बदलायचं असेल तर ताकद ÷ घनता बघा

σ = ρv² उलटं लिहिलं की काठाचा कमाल वेग मिळतो: ताकद भागिले घनता, त्याचं वर्गमूळ. २५० मेगापास्कलचं माइल्ड स्टील १७८ मीटर प्रति सेकंद देतं. २७५ मेगापास्कल यील्डचं अ‍ॅल्युमिनियम ३१९ देतं. तेवढा वेग स्टीलमधून काढायला यील्ड ८०० मेगापास्कलच्या आसपास असलेलं अलॉय स्टील लागेल. भारी स्टीलचा खर्च करण्याआधी हे गणित जरूर करा.

कार्बन फायबर परिघाच्या दिशेने गुंडाळलं तर १५०० मेगापास्कल आणि घनता १६०० धरून हा आकडा ९५० च्या वर जातो. मोह होतो. पण ते मटेरियल त्रिज्येच्या दिशेने फार कमकुवत असतं, आणि जाड रिंगमध्ये त्या दिशेनेही ओढ येते. पायरी ४ मधला माझा ‘कितीही जाड असो’ हा आधार त्याला लागू नाही. जाड गुंडाळी कांद्यासारखी थरांमध्ये सुटते.

८. पहिल्यांदा फिरवताना

बंदिस्त, जाड पोलादी गार्डशिवाय फिरवू नका. आपली रिंग तुटून तिचे दोन अर्धे झाले तर प्रत्येक अर्धा सात किलोचा, आणि त्याचा गुरुत्वमध्य ताशी पावणेदोनशे किलोमीटरने निघेल. तो उडतो स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणून रिंगच्या पातळीत कोणीही उभं राहायचं नाही, ‘जरा लांबून बघतो’ म्हणणारासुद्धा.

फिरवण्याआधी आतला व्यास चार ठिकाणी मोजून लिहून ठेवा. हे माप मोकळ्या रिंगचंच घेता येतं, म्हणून हबवर चढवण्याआधी, तात्पुरत्या धारकावर ही चाचणी करा. मग कमाल वेगाच्या १० टक्के वर नेऊन काही मिनिटं ठेवा, थांबवा, रिंग आणि मोजमापाचं साधन दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि त्याच चार ठिकाणी पुन्हा मोजा. तापमानाचं सांगतो आहे कारण ४६० मिमी स्टील दहा अंशांनी गरम झालं तरी ०.०५५ मिमी वाढतं. गरम रिंग मोजून मी एकदा ‘यील्ड झाली’ म्हणून चांगली रिंग बाजूला काढली होती. चारही मापं पूर्वीइतकीच आली तर स्ट्रेस इलॅस्टिक मर्यादेत राहिला. चारही सारखीच वाढलेली असतील तर अख्खा छेद यील्ड झाला. यील्ड स्ट्रेंग्थ, घनता, व्यास किंवा आरपीएम यांपैकी एखादा आकडा चुकला आहे. एकाच ठिकाणी वाढलेलं असेल तर त्या जागेचं भोक, जोड किंवा मटेरियल बघा.